सरांच्या ग्रुपातून बाहेर पडायचंय, पण फी थांबवायची कुठून?

«मी डिचोलीची. एका सरांच्या ऑनलाइन हार्मोनियम ग्रुपात दीड वर्ष आहे, महिन्याला ५९९. सर एकटेच सगळं बघतात. ग्रुपात वरती फी भरायच्या तीन लिंक आहेत पण बंद करायचं बटन कुठेच नाही. सरांना सांगायला संकोच वाटतो. नुसता ग्रुप सोडला तर पैसे कापायचे थांबतील ना?»

ताई, नाही थांबणार, म्हणजे तुमचे पैसे आपोआप जात असतील तर नाही थांबणार. ग्रुप ही एक गोष्ट आणि पैसे कापायची परवानगी ही दुसरी गोष्ट, दोघांची एकमेकांना खबरही नसते. व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर तुम्ही बाहेर पडलात हे बँकेला कोण सांगणार?

मी फोंड्याला असतो, आठ-नऊ वर्षं क्लासवाल्यांचे हिशोब बघतो, त्यातले बरेच आता ऑनलाइन शिकवतात, कोण तबला, कोण योग, कोण दहावीचं गणित, आणि त्यांच्या फीच्या लिंक बनवून द्यायचं कामही माझ्याकडेच येतं. त्यामुळे हा प्रकार मी सरांच्या बाजूच्या स्क्रीनवरही बघितलाय आणि तुमच्यासारख्यांच्या मोबाइलवरही. बटन नाही म्हणजे सरांनी मुद्दाम लपवलं असंच धरू नका. एकटा माणूस लिंक बनवतो, ग्रुपात टाकतो, पैसे यायला लागतात, आणि बाहेर जायचा दरवाजाही आपणच करायचा असतो हे त्याच्या डोक्यातच येत नाही. ज्या पेमेंट कंपनीकडून तो लिंक बनवतो तिच्या डॅशबोर्डवर, म्हणजे त्याच्या हिशोबाच्या पानावर, प्रत्येक सभासदासमोर सबस्क्रिप्शन कॅन्सल करायची सोय असते पण ती त्याच्या बाजूला, तुम्हाला ती दिसतच नाही. काही जण मुद्दामही करतात, ते पुढे बोलू.

तर बटन शोधायचं सोडा. आधी हे बघायचं की तुमचे ५९९ जातात कसे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मागचे तीन महिने आठवा. दर महिन्याला तुम्ही स्वतः लिंक उघडून, रक्कम बघून, यूपीआय पिन घालून पैसे भरता का? तसं असेल तर तुमच्याकडे बंद करण्यासारखं काही नाहीच. ती साधी पेमेंट लिंक, एकदा पैसे घेते आणि तिचं काम संपतं. पुढच्या महिन्यात भरलं नाही की झालं, कोण काही कापू शकत नाही. सरांना एक मेसेज टाकायचा, एवढंच. पण तुम्ही काहीच न करता ५ तारखेला की १० तारखेला पैसे गेल्याचा मेसेज येत असेल, आणि त्याच्या आदल्या दिवशी «उद्या इतके इतके कापले जातील» असा मेसेज येत असेल, तर तुम्ही कधीतरी मॅन्डेट दिलेलं आहे, म्हणजे दर महिन्याला कापायची आगाऊ परवानगी. हा आदल्या दिवशीचा मेसेज फार कामाचा, तो रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे येतो, पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावंच लागतं. आपण तो जाहिरातीचा समजून पुसून टाकतो.

तुम्ही म्हणता तीन लिंक आहेत, तर माझा अंदाज, त्यातली एक एकदाच भरायची, एक दर महिन्याची आपोआप कापायची आणि एक वर्षाची असेल. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, वर सरांचं नाव, खाली रक्कम, मग पे करा. फरक फक्त पुढच्या स्क्रीनवर कळतो. दर महिन्याच्या लिंकवर पिन घालायच्या आधी ऑटोपेला मंजुरी द्या असं येतं, किती वेळाने कापायचे, कुठल्या तारखेपर्यंत, आणि जास्तीत जास्त किती. ह्या शेवटच्या आकड्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. फी ५९९ असली तरी मॅन्डेट दोन हजारापर्यंत, पाच हजारापर्यंत असू शकतं, कारण पुढे फी वाढवली तर परत परवानगी मागायला नको म्हणून तसं ठेवतात. आणि साधारण १५,००० पर्यंतच्या कापण्याला दर वेळी पिन लागत नाही. म्हणून मी म्हणतो, सोडायचं नक्की नसलं तरी हे एकदा उघडून बघा.

आता एक प्रकरण सांगतो, म्हणजे कुठे अडकायला होतं ते कळेल. साखळीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. एका माणसाच्या चित्रकलेच्या ऑनलाइन ग्रुपात त्या होत्या, महिन्याला ७४९. जूनमध्ये शाळा सुरू झाली, वेळ होईना, त्यांनी १० जूनला टेलिग्रामचा ग्रुप सोडला. मनात आलं, झालं, सुटले. चतुर्थी झाली, दिवाळीचा खर्च बघताना पासबुक काढलं तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, चारही महिने ५ तारखेला ७४९ गेलेले, एकूण २,९९६. घरच्यांनी सांगितलं की मोबाइलमध्ये ऑटोपे असतं तिथे बघ. त्यांनी गूगल पे उघडलं, प्रोफाइलमध्ये ऑटोपेत गेल्या तर तिथे काहीच नाही, रिकामं. म्हणजे मॅन्डेट नाही, मग पैसे कापतो कोण, त्यांना वाटलं फसवणूकच झाली, आणि त्या कार्ड ब्लॉक करायला निघाल्या होत्या.

मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की पहिल्यांदा फी भरली तेव्हा कुठलं अॅप वापरत होतात. फोनपे. मध्ये मोबाइल बदलला, नव्या मोबाइलवर गूगल पे घातलं, फोनपे परत घातलंच नाही. इथेच सगळी गोम. यूपीआयचं मॅन्डेट त्या वेळच्या यूपीआय आयडीवर बांधलेलं असतं, फोनपेचा आयडी बऱ्याचदा `@ybl` असा संपतो, गूगल पेचा `@ok` ने सुरू होणारा काहीतरी असतो. एका अॅपात दिलेलं मॅन्डेट दुसऱ्या अॅपात दिसेलच असं धरून चालू नका. आणि अॅप काढून टाकलं म्हणून मॅन्डेट जात नाही, ते बँकेकडे जिवंतच राहतं, अॅप ही फक्त बघायची खिडकी. त्यांनी त्याच नंबरवर फोनपे परत घातलं, प्रोफाइलच्या फोटोवर गेल्या, ऑटोपे उघडलं, आणि तिथे तो ग्रुपवाला व्यवस्थित बसलेला, महिना ७४९, मर्यादा २,५००, मुदत अजून बरीच वर्षं. खाली रद्द करायचं बटन होतं. दाबलं, पिन घातला, दोन मिनिटांत बँकेचा मेसेज आला की मॅन्डेट रद्द.

म्हणजे बटन होतं, पण ग्रुपवाल्याकडे नाही, त्यांच्याच मोबाइलात.

आता तुमच्या बाबतीत कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतो, आणि क्रम मी मुद्दाम सांगतोय कारण लोक तो उलटा करतात, आधी सरांना सांगतात, सर लगेच ग्रुपातून काढतात, आणि मग पावत्या, लिंक, जुने मेसेज सगळं गेलेलं असतं.

पहिलं काम, जे तुमचं आहे ते बाहेर काढा. हार्मोनियमच्या ग्रुपात तुम्ही वाजवून पाठवलेले ऑडिओ असतील आणि त्याच्यावर सरांनी बोलून केलेल्या दुरुस्त्या असतील, ह्या दुरुस्त्या परत कुठे मिळायच्या नाहीत. टेलिग्रामच्या खाजगी चॅनलातून एकदा काढलं की मागचं काहीच दिसत नाही. व्हॉट्सअॅपला चॅट एक्सपोर्ट करून ठेवता येतं, मीडियासकट. सरांनी विकत दिलेले धड्यांचे व्हिडिओ कॉपी करून ठेवू नका, ते त्यांचं काम आहे, पण तुमचे स्वतःचे ऑडिओ, तुम्हाला दिलेली उत्तरं, फीच्या पावत्या, आणि सुरुवातीला ग्रुपात येताना जे काय आश्वासन दिलेलं, «कधीही बंद करता येईल» वगैरे, त्याचा स्क्रीनशॉट, एवढं घ्या. तिन्ही लिंकच्या पानांचाही स्क्रीनशॉट घ्या, बंद करायची काही सोय लिहिलेली नाही हे त्यात दिसलं पाहिजे.

दुसरं, मॅन्डेट शोधा आणि रद्द करा. यूपीआयचं असेल तर वर सांगितलं तसं, ज्या अॅपातून पहिल्यांदा भरलं त्यात. बटनाचं नाव अॅपप्रमाणे बदलतं, Cancel, Revoke, Remove असं काहीतरी. त्याच स्क्रीनवर Pause पण असतं, त्यावर जाऊ नका, ते फक्त काही दिवस थांबवतं आणि मुदत संपली की परत चालू. रद्द करायच्या आधी मॅन्डेटच्या माहितीचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात UMN म्हणून एक लांब नंबर असतो, तो मॅन्डेटचा ओळख नंबर, पुढे बँकेशी भांडायची वेळ आली तर त्याच्याशिवाय कोण ऐकत नाही. रद्द झाल्यावर परत एक स्क्रीनशॉट, तारीख वेळ दिसेल असा. सगळी जुनी अॅप बघूनही काही सापडलं नाही तर बँकेच्या स्वतःच्या अॅपात यूपीआयच्या भागात मॅन्डेट बघा, तेही नसेल तर शाखेत जाऊन पैसे कापल्याची नोंद दाखवा, नोंदीतच बऱ्याचदा मॅन्डेट असा शब्द असतो, त्यावरून ते काढून देतात.

कार्डावरून जात असेल तर जागा वेगळी. कार्डाचं मॅन्डेट बँकेच्या साइटवर किंवा अॅपात ई-मॅन्डेट, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा नावाखाली असतं, बऱ्याच बँकांचं पान `sihub.in` वर आहे. तिथे बँकेच्या साइटवरूनच जा, गूगलला शोधून वरची पहिली लिंक उघडू नका, खोटी पानं असतात. आदल्या दिवशीच्या मेसेजमध्येही त्या वेळचं कापणं किंवा सगळं मॅन्डेटच नाकारायची सोय द्यावी लागते, मेसेज अजून असेल तर तो सगळ्यात जवळचा रस्ता. नेट बँकिंगने खात्यावरच मॅन्डेट दिलं असेल तर तेही बँकेतूनच रद्द होतं. आणि प्ले स्टोअरच्या आतून पैसे भरले असतील तर प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्येच बघायचं, बाकी कुठे काही सापडणार नाही.

कार्ड ब्लॉक करून नवं घेतो म्हणणारे खूप भेटतात. तसं करू नका. नवं कार्ड आलं तरी जुनी परवानगी काही वेळा नव्या कार्डावर चालू राहते, आणि तुमची बाकीची बिलं मात्र अडकतात, म्हणजे ज्याच्यासाठी केलं ते झालंच नाही.

वेळेचं एक बघा. कापायची तारीख ५ असेल तर १ किंवा २ तारखेपर्यंत रद्द करून मोकळं व्हा. २४ तास आधीचा मेसेज आल्यानंतर रद्द केलं तर बहुतेक वेळा थांबतं, पण त्याच दिवशी सकाळी करायला गेलात तर ते कापणं आधीच रांगेत गेलेलं असू शकतं. त्या वेळी घाबरायचं कारण नाही, पण मग त्या महिन्याचे पैसे परत मागायची कटकट मागे लागते.

तिसरं काम म्हणजे सरांना लेखी कळवायचं, आणि ज्याचा तुम्हाला संकोच वाटतो ते हेच. पण हे टाळू नका. मॅन्डेट रद्द केल्याने पैसे थांबतात, सभासदत्व संपत नाही. सरांच्या वहीत तुम्ही अजून आहात, फी थकली असं त्यांना दिसतं, आणि मग दोन-तीन महिन्यांनी «तुमची इतकी बाकी आहे» म्हणून मेसेज येतो, आणि तो चुकीचा आहे म्हणून सांगायला तुमच्याकडे कागद काहीच नसतो. कारण सांगायची गरज नाही. कारण दिलं की बोलणं कारणावरच जातं, वेळ नाही म्हटलं की ते म्हणणार रेकॉर्डिंग बघा, पैसे नाही म्हटलं की म्हणणार ह्या महिन्यात अर्धे भरा, आणि तुम्ही परत आत. मी लोकांना असं लिहायला सांगतो:

«नमस्कार सर. आजपर्यंत तुम्ही शिकवलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी आज, अमुक तारखेपासून ग्रुपचं सभासदत्व बंद करत आहे. ५९९ रुपयांचं ऑटोपे माझ्याकडून रद्द केलं आहे. तुमच्या डॅशबोर्डवर माझं सबस्क्रिप्शन ह्या नंबरने दिसेल, ते कृपया कॅन्सल करावं म्हणजे परत लिंक येणार नाही. ह्या तारखेनंतरची फी माझ्याकडे बाकी राहणार नाही असं मी धरते. मेसेज मिळाला एवढं कळवावं.»

बस. आदर आहे, तारीख आहे, रक्कम आहे, आणि त्यांनी नेमकं काय करायचं तेही आहे. डॅशबोर्डचं वाक्य काढू नका, बऱ्याच सरांना खरंच माहीत नसतं की तिथून कॅन्सल करता येतं, माझ्याकडच्याच दोघांना मी ते अशाच मेसेजनंतर दाखवलंय. फोनवर सांगून सोडू नका, आधी फोन केलात तरी मागून हा मेसेज टाकाच, आणि त्यांचा ईमेल असेल तर तिथेही. ताई, आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात, उद्या हेच सर कुठल्यातरी देवळात भजनाच्या साथीला बसलेले भेटतील, तेव्हा तोंड लपवून पळून गेलेला विद्यार्थी होण्यापेक्षा सांगून सोडलेला विद्यार्थी असणं बरं. सांगून सोडलेल्याबद्दल मनात धरणारे मी फार कमी बघितलेत. न सांगता गेलेल्यांची विचारपूस मात्र वर्षभर चालते.

ग्रुप सोडायचा तो ह्या सगळ्यानंतर, सरांचं उत्तर आल्यावर. उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी.

आता ह्याच्यानंतरची एक गोष्ट, आणि इथे सगळ्यात जास्त लोक परत अडकतात. मॅन्डेट तुम्ही रद्द केलं पण सरांनी डॅशबोर्डवर सबस्क्रिप्शन तसंच ठेवलं तर पुढच्या तारखेला सिस्टम पैसे मागते, मिळत नाहीत, आणि आपोआप तुम्हाला मेसेज किंवा ईमेल येऊ शकतो: पेमेंट फेल झालं, इथे क्लिक करून पूर्ण करा. सरांनी हाताने पाठवलेला नसतो, मशीनचा असतो, पण खाली सरांचं नाव असतं म्हणून माणूस घाबरतो, वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि भरून टाकतो. त्या लिंकवर भरलं की नुसता त्या महिन्याचा पैसा जात नाही, बऱ्याच वेळा नवीन मॅन्डेटला मंजुरी दिली जाते, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. तसला मेसेज आला तर लिंक न उघडता त्याचा स्क्रीनशॉट सरांना पाठवा, «सर, अजून चालू दिसतंय, कॅन्सल कराल का», एवढंच. आणि रिफंड देतो म्हणून कोणी पिन घालायला किंवा क्यूआर स्कॅन करायला सांगितलं तर ते सर नव्हेत असं समजा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

गेलेल्या पैशांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे लागेल. इथे मी एक रेघ मारतो, मॅन्डेट रद्द करायच्या आधी गेलेले आणि नंतर गेलेले. आधी गेलेल्यांसाठी बँकेकडे जाऊन उपयोग नाही, बँक म्हणेल तुम्हीच परवानगी दिलेली, आणि ते बरोबरच आहे. ते पैसे सरांकडेच मागायचे, आणि मिळतील की नाही ते तुम्ही कधी कळवलं त्यावर आहे. साखळीच्या बाईंनी चार महिने काहीच कळवलेलं नव्हतं, नुसता ग्रुप सोडलेला. ग्रुपवाला म्हणाला माझ्याकडे तर तुम्ही चालूच दिसत होता, रेकॉर्डिंगही तुम्हाला उघडी होती. खोटं नव्हतं त्याचं. मी त्यांना सांगितलं चारही महिने मागून ताणू नका, अर्धे मागा. त्यांनी टेलिग्राम सोडल्याची तारीख दाखवली, त्यानंतर एकही धडा उघडलेला नाही हे त्यालाच बघायला सांगितलं, आणि त्याने दोन महिन्यांचे १,४९८ परत केले, डॅशबोर्डवरूनच, आठवड्याभरात खात्यात आले. बाकीचे १,४९८ गेले. १० जूनला एक ओळीचा मेसेज टाकला असता तर मी चारही महिने मागायला सांगितलं असतं.

मॅन्डेट रद्द केल्यानंतरही कापले गेले तर मात्र प्रश्न बँकेचा. अॅपातल्या त्या व्यवहारावर तक्रार टाका, बँकेलाही लेखी द्या, UMN आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट लावून. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर फुकट तक्रार करता येते. माझ्याकडे आलेल्यांपैकी फार कमी लोकांना इतकं पुढे जावं लागलंय, रद्द झालेलं मॅन्डेट शक्यतो परत चालत नाही.

आणि सर ऐकतच नसतील, उत्तर देत नसतील, किंवा बंद करायला आधी अमुक महिन्यांची फी भरा म्हणत असतील तर? आधी तुमच्याकडचे कागद बघा. वर्षभराचं ठरवून सवलतीत घेतलं असेल आणि ते तेव्हा स्पष्ट लिहिलेलं असेल तर त्यांचं म्हणणं काही प्रमाणात खरं असू शकतं, ते नाकारून चालणार नाही. पण महिन्याची फी, आणि बाहेर पडायच्या अटी कुठेच लिहिलेल्या नाहीत, तर नंतर नव्या अटी लावता येत नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवून अडकवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत आणि एक प्रकार सबस्क्रिप्शन ट्रॅप, म्हणजे बंद करणं अशक्य किंवा किचकट करणं, बंद करायची सोय लपवणं. ते एकट्या माणसाला लागू होतं का असं मला विचारतात. नियमितपणे पैसे घेऊन सेवा देणारा विक्रेता त्यात येतो, मग तो कंपनी असो नाहीतर घरातल्या हॉलमधून शिकवणारे सर. मित्राला एकदा काहीतरी विकलं तर ती गोष्ट वेगळी.

तरीपण नियम दाखवत सुरुवात करू नका. मेसेजला आठ-दहा दिवस द्या, मग दुसरा मेसेज, त्यात पहिल्याचा स्क्रीनशॉट. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार नोंदवली की ते समोरच्याकडे विचारणा करतात, आणि ५९९ साठी कोणालाही ते नको असतं, बहुतेक इथेच मिटतं. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही डिचोलीच्या म्हणजे उत्तर गोव्याचा आयोग, पर्वरीला. सर पुण्याचे असोत की बेळगावचे, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्याने ती सोय दिलीय, आणि ५ लाखांच्या आतल्या प्रकरणाला फी लागत नाही. पण खरं सांगू, दोन-तीन हजारांसाठी तारखांना जाणं मला परवडणारं वाटत नाही, मोठी वर्षाची रक्कम अडकली असेल तरच. तुमच्या बाबतीत मॅन्डेट रद्द झालं की नुकसान तिथल्या तिथे थांबतं, आणि उरतो तो सरांशी बोलायचा प्रश्न.

आज रात्री एवढं करा: पासबुकात ५९९ च्या शेवटच्या तीन नोंदी काढा, तारीख आणि नोंदीतले शब्द बघा, आणि पहिल्यांदा भरलं तेव्हाचं अॅप आठवा. तुम्ही दर वेळी पिन घालत होता असं निघालं तर फक्त सरांना मेसेज. आपोआप जात असेल तर मॅन्डेट, स्क्रीनशॉट, मग मेसेज, मग ग्रुप. पुढच्या महिन्याची कापायची तारीख कॅलेंडरात लावून ठेवा, त्याच्या आदल्या दिवशी बँकेचा मेसेज येतो का बघा आणि त्या तारखेनंतर तीन-चार दिवसांनी खातं परत एकदा तपासा. मेसेज आला तर समजा अजून एखादं मॅन्डेट कुठेतरी आहे, दीड वर्षात एकदा फी अडकली म्हणून तुम्ही दुसऱ्या लिंकवरून परत भरलं असेल तर तसं होऊ शकतं, आणि ते दुसऱ्या अॅपात निघेल.